खालची पापणी बाहेर वळली की डोळा गळतो

वस्तीत कोणाचा डोळा लाल झाला आणि त्यातून पाणी गळू लागले की आपण पटकन म्हणतो, "डोळे आलेत." चार दिवसांत बरे वाटेल म्हणून मेडिकलमधून थेंब आणतो. तरुण माणसाच्या बाबतीत हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा डोळा महिनोन्‌महिने गळत असेल, थेंब घालून तेवढ्यापुरते बरे वाटत असेल आणि बाटली संपली की पुन्हा तेच, तर थेंबांची नावे बदलून उपयोग नाही. अशा वेळी आधी खालची पापणी पाहायला हवी. ती डोळ्याला चिकटून आहे की बाहेरच्या बाजूला लोंबते आहे, एवढेच नीट पाहायचे.

खालची पापणी अशी बाहेर वळण्याला डॉक्टर एक्ट्रोपियन म्हणतात. आपल्या घरात याला नाव नाही. "आजीचा डोळा असाच आहे," म्हणून तो सोडून दिला जातो. म्हणून या अंकात आम्ही याच एका दुखण्याबद्दल लिहीत आहोत. ते का होते, घरी कसे ओळखायचे, डॉक्टर काय तपासतात, शस्त्रक्रिया कशी होते आणि तिच्याने काय बरे होते, काय होत नाही, हे क्रमाने पाहू.

पाणी का गळते?

डोळ्यात अश्रू फक्त रडतानाच येत नाहीत, ते दिवसभर थोडेथोडे तयार होत असतात. आपण डोळ्याची उघडझाप करतो तेव्हा पापण्या हे पाणी डोळ्यावर सारखे पसरवतात आणि उरलेले नाकाकडच्या कोपऱ्यात ढकलतात. तिथे खालच्या आणि वरच्या पापणीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. त्याला अश्रुछिद्र म्हणतात. या छिद्रांतून पाणी बारीक नळीत जाते आणि तिथून नाकात उतरते. रडलो की नाक गळते, ते याच वाटेमुळे.

आता खालच्या पापणीकडे पाहा. ती एखाद्या दोरीसारखी आहे. आपण दारात कपडे वाळत घालायला दोन खिळ्यांना दोरी बांधतो, तशी ही पापणी नाकाकडच्या हाडाला आणि कानाकडच्या हाडाला मजबूत पट्ट्यांनी बांधलेली असते. मध्ये पापणीला आकार देणारी एक पातळ पण घट्ट पट्टी असते आणि तिच्यावर डोळा मिटणारा स्नायू असतो. वय झाले की हे सगळे सैल पडते. सगळ्यात जास्त ढिला होतो तो बहुतेक वेळा कानाकडचा खिळा, म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यातला पट्टा. पापणी पूर्वीएवढी ताणलेली राहत नाही. मग गालाच्या वजनाने ती खाली ओढली जाते आणि तिची कड बाहेरच्या बाजूला वळते.

कड वळली की अश्रुछिद्रही बाहेर वळते. डोळ्यातले पाणी आत, छिद्र बाहेर. मग पाणी नळीत जाणार कसे? ते काठावर साचते आणि गालावर ओघळते. मोरीचे भोक जमिनीच्या वर उचलले गेले तर मोरीत पाणी तुंबते, तसाच हा प्रकार आहे.

इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. गळणारा डोळा आतून कोरडाही असतो. पापणी बाहेर लोंबल्यामुळे डोळ्याचा खालचा भाग उघडा पडतो. त्याला वारा लागतो, धूळ लागते, चुलीचा धूर लागतो. कोरडे पडले की डोळा चुरचुरतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आणखी पाणी सोडतो. हे पाणीही त्याच बंद वाटेने अडकते. म्हणून डॉक्टर कोरडेपणाचे थेंब देतात तेव्हा माणूस म्हणतो, "पाणी तर आधीच एवढे येते, वर आणखी थेंब कशाला?" कारण हे आहे.

हा फेरा का वाढत जातो?

पापणी एकदा थोडी वळली की ती तशीच राहत नाही. आपणच तिला आणखी वळवतो. पाणी आले की पदराने किंवा टॉवेलने पुसतो. पुसताना हात नेहमी खाली आणि बाहेरच्या बाजूला जातो. दिवसातून तीस-चाळीस वेळा पापणी खाली ओढली गेली तर सैल पट्टा आणखी सैल होणारच.

दुसरे म्हणजे गालावरची कातडी. सतत ओली राहिल्यामुळे ती लाल होते, सोलते आणि हळूहळू आकसते. आकसलेली कातडी पापणीला खाली खेचते. तिसरे म्हणजे पापणीचा आतला मऊ गुलाबी भाग. तो हवेत उघडा राहून जाड आणि लाल होतो, कधी कातडीसारखा कडक होतो. बाहेर वळलेले अश्रुछिद्रही वापरात नसल्यामुळे बारीक होत जाते आणि काही वेळा बुजते.

या सगळ्यात खरी भीती आहे ती बुबुळाची. रात्री झोपेत डोळा पूर्ण मिटला नाही तर बुबुळाचा खालचा भाग कोरडा पडतो, खरवडल्यासारखा होतो. तिथे जंतू शिरले की जखम होते. ही जखम भरली तरी पांढरा डाग मागे ठेवते. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो. फूल बुबुळाच्या मधोमध पडले तर नजर जाते. पापणी सरळ करून ती नजर परत येत नाही. म्हणून हे दुखणे फक्त दिसायला वाईट आहे असे समजून चालणार नाही.

घरी कसे ओळखाल?

हात साबणाने धुवा. घरातल्या आजी-आजोबांना उजेडात बसवा आणि समोर बघायला सांगा. पापणीला हात न लावता पाहा. खालची पापणी डोळ्याला टेकलेली दिसते का, की मध्ये फट आहे? पापणीच्या आतला लाल भाग समोरून दिसतो का? नाकाकडच्या कोपऱ्याजवळ पापणीच्या कडेवरचे ते बारीक छिद्र समोरूनच दिसते का? निरोगी डोळ्यात खालचे छिद्र पापणी थोडी खाली ओढल्याशिवाय दिसत नाही. हात न लावता दिसले, तर ते बाहेर वळले आहे.

मग एक साधी चाचणी करा. त्यांना उघडझाप न करता समोर बघायला सांगा. बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि सोडून द्या. दहा-बारा वर्षांच्या नातवाची पापणी सोडल्याबरोबर झटकन डोळ्याला जाऊन चिकटते. सैल पापणी हळूहळू वर सरकते. फार सैल असेल तर ती खालीच लोंबत राहते आणि पुढची उघडझाप झाल्यावरच जागेवर जाते. दोन्ही डोळे तपासा, कारण एकीकडे जास्त आणि दुसरीकडे थोडे असे बरेचदा असते. ही चाचणी पुन्हा पुन्हा करत बसू नका. एकदा पाहिले की पुरे.

सगळ्या लोंबलेल्या पापण्या सारख्या नसतात

वरचे वर्णन वयामुळे सैल पडलेल्या पापणीचे आहे आणि म्हातारपणी तीच सगळ्यात जास्त दिसते. पण तीन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत.

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तोंड एकीकडे ओढले जात असेल, कपाळाला त्या बाजूला आठ्या पडत नसतील, तर पापणी चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याने लोंबलेली असू शकते. हे अचानक झाले आणि सोबत हात-पाय गळाले, बोलणे अडखळले, तर तो लकव्याचा झटका असू शकतो. मग डोळ्याच्या डॉक्टरची वाट न पाहता तात्काळ मोठ्या रुग्णालयात न्या.

भाजल्याचा जुना व्रण, अपघाताची जखम किंवा वर्षानुवर्षे उन्हात काम करून आकसलेली गालाची कातडी पापणीला खाली खेचत असेल, तर तिथे कातडी कमी पडलेली असते. अशी पापणी नुसती ताणून बसवली तर पुन्हा खाली येते. तिथे दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. ती वरच्या पापणीची किंवा कानामागची घेतात.

पापणीवर गाठ असेल, न भरणारी जखम असेल, खपली निघून पुन्हा रक्त येत असेल किंवा एका जागेचे केस झडले असतील, तर ती गाठ आधी तपासावी लागते. हा कर्करोगही असू शकतो. अशा वेळी तुकडा काढून तपासायला डॉक्टरांनी सांगितले तर घाबरून टाळू नका.

एका आजोबांची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत, वय 74. तरुणपणी रेल्वेच्या रुळावर काम केलेले, उन्हातान्हात आयुष्य गेलेले. त्यांचा उजवा डोळा दीड वर्षापासून गळत होता. सकाळी पापण्या चिकटायच्या, दुपारी उन्हात गेले की पाण्याची धार लागायची. विहारात बसले तरी एक रुमाल सतत हातात. या काळात त्यांनी तीन प्रकारचे थेंब वापरले. त्यातली एक बाटली शेजारच्या एका माणसाला दिलेली होती, तीच यांनीही घातली. तिने लाली दोन दिवसांत गेली म्हणून ते तीच पुन्हा पुन्हा आणत राहिले. नंतर कळले की त्यात स्टेरॉइड होते. असे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो.

पुढे त्यांची नजर धूसर झाली, म्हणून ते मोतीबिंदूच्या शिबिरात गेले. तिथे डोळा पाहून त्यांना सांगितले, "आधी हा डोळा बरा करून या, मग बघू." कशाने बरा करायचा, हे कोणी समजावले नाही. ते निराश होऊन परतले. शिबिरातला नकार मात्र बरोबर होता. लाल, गळणाऱ्या डोळ्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली तर जंतू आत शिरण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी पापणी आणि मग मोतीबिंदू असाच क्रम ठेवतात.

त्यांच्या सुनेने मग त्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. डोळ्यांच्या विभागात केस पेपर काढला. पहिल्या दिवशी काय काय तपासले, हे आम्ही तिच्याकडून विचारून घेतले, कारण याच तपासण्या तुमच्या घरच्या माणसाच्याही होतील.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून सोडली. ती जागेवर गेली नाही, उघडझाप केल्यावरच गेली. मग पापणी चिमटीत धरून डोळ्यापासून पुढे ओढली आणि किती अंतर पडते ते पाहिले. साधारण 6 ते 8 मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आली तर पापणी सैल समजतात. आजोबांची 10 मिलिमीटर आली. मग पापणी कानाच्या दिशेने ओढून नाकाकडचे छिद्र किती सरकते ते पाहिले. ते फारसे सरकले नाही, म्हणजे नाकाकडचा खिळा बऱ्यापैकी घट्ट होता आणि दोष बाहेरच्या कोपऱ्यात होता. चेहरा लुळा नाही आणि डोळा जोरात मिटता येतो, हेही पाहिले. तोंड उघडून वर बघायला सांगितले. कातडी आखूड असेल तर तेव्हा पापणी आणखी खाली ओढली जाते. आजोबांच्या बाबतीत तसे झाले नाही.

मग डोळ्यात पिवळ्या-नारिंगी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बुबुळ पाहिले. खालच्या भागात बारीक ठिपके दिसले. म्हणजे कोरडेपणाने बुबुळाची वरची कातडी खरवडली गेली होती, पण खोल जखम नव्हती. शेवटी बोथट सुईने अश्रुछिद्रातून पाणी सोडले. आजोबा म्हणाले, "घशात खारट लागले." याचा अर्थ आतली नळी उघडी होती.

ही शेवटची तपासणी फार महत्त्वाची आहे. आतली नळीच बंद असेल तर पापणी सरळ करूनही पाणी गळतच राहते आणि मग लोक म्हणतात ऑपरेशन फुकट गेले. म्हणून तुमच्या माणसाची नळी तपासली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

शस्त्रक्रियेपर्यंत काय केले

शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत बुबुळ जपायचे होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि झोपताना डोळ्यात वंगणासारखे मलम दिले. जुने थेंब बंद केले. पुसायची पद्धत बदलायला सांगितली. स्वच्छ मऊ कापूस किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी घ्यायची, डोळा मिटायचा आणि खालून वर, नाकाच्या दिशेने हलकेच टिपायचे. खाली ओढायचे नाही, चोळायचे नाही. गालाच्या कातडीला थोडे व्हॅसलिन लावले की पाण्याने ती सोलत नाही. एवढ्यानेच चुरचुर निम्म्याने कमी झाली, असे आजोबा सांगतात. पण पापणी काही वर आली नाही. सैल पडलेला पट्टा थेंबांनी, मलमाने, शेकाने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने घट्ट होत नाही. मध, दूध, तूप, काजळ असले काही डोळ्यात घालू नका, बुबुळाला जखम असेल तर त्याने जंतू वाढतात.

आजोबा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. ती त्यांनी डॉक्टरांना दाखवली. पापणीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव हा मोठा प्रश्न असतो, म्हणून अशा गोळीची माहिती आधी द्यावीच लागते. मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. बंद करायची की नाही आणि किती दिवस, हे हृदयाचे डॉक्टर आणि डोळ्याचे डॉक्टर मिळून ठरवतात. रक्तदाब आणि साखरही आटोक्यात असावी लागते.

पापणी कशी घट्ट करतात

या प्रकारच्या पापणीसाठी सगळ्यात जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया 1979 साली अँडरसन आणि गॉर्डी या अमेरिकन डॉक्टरांनी मांडली. सोप्या शब्दांत सांगायचे तर, सैल दोरी कानाकडच्या खिळ्यावरून सोडवायची, जास्तीची कापायची आणि पुन्हा घट्ट बांधायची.

माणूस जागाच असतो. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात बधिर करणारे इंजेक्शन देतात. ते देताना काही क्षण जळजळते, नंतर ओढल्यासारखे कळते पण दुखत नाही. मग बाहेरच्या कोपऱ्यात कानाच्या दिशेने सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेतात आणि खालच्या पापणीला हाडाशी बांधणारा सैल पट्टा सोडवतात. आता पापणी बाहेरच्या बाजूने मोकळी होते.

मोकळ्या टोकाला आतली घट्ट पट्टी आणि बाहेरची कातडी वेगळी करतात. पट्टीच्या त्या भागावरची पापणीच्या केसांची कड काढतात आणि आतला ओला थर खरवडून काढतात, कारण तो आत राहिला तर तिथे पुढे गाठ किंवा फोड होऊ शकतो. आता पट्टीचे एक स्वच्छ टोक तयार होते. डॉक्टर ते टोक हाडाकडे ओढून पापणी किती ताणली की डोळ्याला नीट बसते ते पाहतात आणि जास्तीचा भाग कापून टाकतात. किती कापायचे हे आधी ठरलेले नसते, तिथेच ताणून पाहून ठरते.

मग हे टोक डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या काठाला, काठाच्या आतल्या बाजूला, हाडावरच्या मजबूत आवरणात टाका घालून पक्के करतात. हा टाका कुठे बसतो यावर सगळे अवलंबून असते. तो काठाच्या पुढे बसला तर पापणी डोळ्यापासून दूर राहते आणि फट उरते. खाली बसला तर डोळ्याचा कोपरा उतरलेला दिसतो. आत आणि योग्य उंचीवर बसला तर पापणी डोळ्याच्या गोलाईला मिठी मारल्यासारखी बसते. शेवटी उरलेली थोडी कातडी काढून बाहेरून बारीक टाके घालतात.

आजोबांच्या बाबतीत आणखी एक छोटे काम केले. बाहेरून ताणूनही नाकाकडचे अश्रुछिद्र थोडे बाहेरच राहत होते. म्हणून पापणीच्या आतल्या बाजूला, छिद्राच्या खाली, शंकरपाळीच्या आकाराचा ओल्या थराचा छोटा तुकडा काढला आणि विरघळणाऱ्या टाक्याने ती जागा जोडली. त्या ओढीने छिद्र पुन्हा आत वळले. सगळ्यांना हे लागत नाही. पण छिद्र बाहेर राहिले तर पापणी सरळ होऊनही पाणी गळत राहते, म्हणून डॉक्टर ते टेबलावरच पाहून घेतात. एकूण काम पाऊण तासात झाले आणि आजोबा त्याच संध्याकाळी घरी आले.

घरी आल्यावर

पहिल्या रात्री डोक्याखाली दोन उशा ठेवून झोपायचे. पट्टी काढल्यावर दोन दिवस थंड पाण्याच्या स्वच्छ कापडाचा शेक द्यायचा, पण दाबायचे नाही. टाक्यांना आणि डोळ्यात दिलेले मलम लावायचे. डोळा काळानिळा होतो, सूज गालापर्यंत उतरते. पाहुणे घाबरतात, पण हे साधारण दोन आठवड्यांत जाते. बाहेरचे टाके आठवड्याभराने काढतात. पहिले काही दिवस डोळ्याचा कोपरा जास्तच ओढलेला आणि वर गेलेला वाटतो. तो मुद्दाम थोडा घट्ट ठेवलेला असतो आणि काही आठवड्यांत सैलावून जागेवर येतो. हाडाजवळचा टाका हात लागला की काही आठवडे दुखतो.

महिनाभर डोळा चोळायचा नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही, जड उचलायचे नाही. सुनेने आजोबांना स्पष्ट सांगितले होते, "मामंजी, रुमाल माझ्याकडे द्या. पाणी आले तर मला हाक मारा, मी टिपते." पुसायची जुनी सवय हा या शस्त्रक्रियेचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, म्हणून घरातल्या माणसांनी तिकडे लक्ष ठेवावे.

पहिल्या दिवसात मात्र एक धोका लक्षात ठेवा. डोळ्यात जोराचा, वाढत जाणारा ठणका, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे आणि नजर एकदम कमी होणे, असे झाले तर डोळ्याच्या मागे रक्त साचत असू शकते. असे क्वचितच होते, पण झाले तर नजर वाचवायला वेळ फार थोडा असतो. सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला रुग्णालयात परत न्या. नंतरच्या दिवसांत पू येणे, ताप येणे किंवा टाका उसवून पापणी पुन्हा लोंबणे, असे काही दिसले तरी दाखवायला जा.

काय बरे होते, काय नाही

आजोबांच्या गालावरची धार पहिल्या आठवड्यातच कमी झाली, पण पूर्ण थांबायला दीड महिना लागला. वर्षभर उघडा राहिलेला पापणीचा लाल, जाड भाग हळूहळू मऊ होतो, त्याला घाई करून चालत नाही. थंड वाऱ्यात अजूनही त्यांच्या डोळ्यात थोडे पाणी येते. तेवढे कोणाच्याही डोळ्यात येते. बुबुळावरचे ठिपके गेले. तीन महिन्यांनी त्यांचा मोतीबिंदूही निघाला.

पापणीच्या शस्त्रक्रियेने नजर वाढत नाही. धूसर दिसणे मोतीबिंदूमुळे असेल तर त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागते. फूल पडलेले असेल तर ते तसेच राहते. आणि वय थांबत नसल्यामुळे काही वर्षांनी पापणी पुन्हा सैल होऊ शकते. तसे झाले तर ती पुन्हा घट्ट करता येते.

वय जास्त आहे म्हणून अनेक घरांत ऑपरेशन नको म्हणतात. या शस्त्रक्रियेला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही, डोळ्याच्या आत हत्यार जात नाही, आणि 80 च्या पुढच्या माणसांचीही ती होते. रुग्णालयात जाताना आधीचे सगळे कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि वापरलेल्या थेंबांच्या बाटल्या एका पिशवीत घेऊन जा. आधारकार्ड आणि रेशनकार्डही सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते त्यांना आधी विचारा. खिडकीवर नुसते "डोळा गळतो" असे सांगू नका. "खालची पापणी बाहेर वळली आहे, पापणी पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचे आहे," असे सांगा.

बुबुळात दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. बाकीच्यांनीही हा अंक वाचून झाला की घरातल्या मोठ्या माणसांना उजेडात बसवून त्यांची खालची पापणी एकदा पाहून घ्या.